आधी आकडा, मग ॲडव्हान्स: आमच्या ट्रेकिंग क्लबच्या नव्या सदस्यांना खुलं पत्र

प्रिय नव्या सदस्यांनो,

मागच्या शुक्रवारी जिमखान्याच्या खोलीत तुमच्यापैकी अडतीस जणांनी नावं नोंदवली. फॉर्म भरून झाल्यावर जवळजवळ प्रत्येकानं दोनच प्रश्न विचारले. पुढचा ट्रेक कधी आणि फी किती? दोन्हीला मी ‘अजून ठरलेलं नाही’ असंच उत्तर दिलं. काहींना ती टाळाटाळ वाटली असणार. एक जण तर स्पष्टच म्हणाली, “दादा, बसचे आणि जेवणाचे पैसे भागायचे आणि सांगायचं. त्यात ठरवायला एवढं काय आहे?”

तिचा प्रश्न रास्त आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या क्लबनं अगदी तेच केलं होतं, गाडीचे आणि जेवणाचे पैसे भागून फी सांगितली होती. त्याचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं आणि म्हणूनच खजिनदारपद अंगावर घेतलं. खोलीत उभ्याउभ्या ते सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला राजगड. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. बेत साधा होता. शनिवारी दुपारी पुण्याहून निघायचं, रात्री गुंजवणे गावात एका घरी जेवून तिथेच झोपायचं, पहाटे चोरदरवाजाच्या वाटेनं पद्मावती माचीवर जायचं, सुवेळा माची आणि बालेकिल्ला बघून दुपारी गावात जेवायला उतरायचं आणि संध्याकाळी परत. सत्तावीस आसनी मिनीबस दोन दिवसांसाठी १३,००० रुपयांना ठरली. गावातली दोन जेवणं प्रत्येकी १५० रुपये, सकाळचे पोहे आणि चहा ५० रुपये, असे माणशी ३५० रुपये. झोपायची सोय त्यातच.

फी कशी निघाली? १३,००० भागिले २७ म्हणजे ४८१. त्यात ३५० मिळवले की ८३१. गोल करून ८५० रुपये. त्याच संध्याकाळी ग्रुपवर पोस्टर गेलं आणि तासाभरात पंचवीस-तीस अंगठे वर आले. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याला ॲडव्हान्स दिला. गावात अठ्ठावीस माणसांचं जेवण सांगितलं. प्रत्यक्ष पैसे भरले सतरा जणांनी.

ट्रेक सुंदर झाला. सुवेळा माचीवर उजाडताना जे दिसलं ते मी विसरणार नाही. पण मंगळवारी हिशेबाला बसलो तेव्हा ९,०५० रुपये कमी पडत होते. क्लबच्या खात्यात ६,००० होते, नव्या हार्नेससाठी जमवलेले. ते गेले. उरलेले ३,०५० आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरी ताईनं स्वतःचे घातले. परीक्षेच्या फॉर्मसाठी तिनं बाजूला ठेवलेले पैसे होते ते. तिला ते परत करायला आम्हाला एप्रिल उजाडला, आणि त्या दोन महिन्यांत तिनं एकदाही विषय काढला नाही. मला ते अजून लागतं.

सगळे म्हणाले, माणसं कमी आली म्हणून तोटा झाला. मीही तसंच समजत होतो. नंतर एका रात्री वही घेऊन बसलो आणि लक्षात आलं की हे खरं नाही. गाडी गच्च भरली असती तरी आम्ही तोट्यातच गेलो असतो. हीच गोष्ट तुम्ही नीट समजून घ्यावी असं मला वाटतं, म्हणून ती आकड्यांसकट मांडतो.

कुठल्याही ट्रेकचे खर्च दोन जातींचे असतात. एक माणशी खर्च. माणूस वाढला की तो वाढतो, माणूस गळला की तोही गळतो. जेवण, नाश्ता, एसटीचं तिकीट हे त्यातले. दुसरा एकरकमी खर्च. पाच जण या की पंचवीस या, तो तेवढाच राहतो. गाडीचं भाडं त्यातलं सगळ्यात मोठं. आमची पहिली चूक अशी की एकरकमी खर्चात आम्ही भाडं तेवढंच धरलं. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५००, दोन दिवसांचे १,००० झाले. खेड शिवापूरचा टोल जाता-येता आणि गावातलं पार्किंग मिळून ६००. ओआरएस, क्रेप बँडेज, वेदनाशामक स्प्रे असं प्रथमोपचाराचं सामान ५००. आणि कोणाच्याच ध्यानात न आलेली गोष्ट: गाडीत बसणारे सगळेच फी भरत नाहीत. दोन लीडर आणि सोबत आलेले सर यांची फी नव्हती. ड्रायव्हरही फी भरत नाही, पण तो जेवतो. या चौघांचे ३५० प्रमाणे १,४०० रुपये. भाड्यासकट बेरीज १६,५०० होते. आम्ही १३,००० धरून चाललो होतो.

दुसरी चूक भागाकारात होती. सत्तावीस आसनांपैकी तिघं फी न भरणारी, म्हणजे पैसे देणारी आसनं फक्त चोवीस. आणि आम्ही भागलं सत्तावीसने.

आता प्रत्येकाच्या ८५० रुपयांतून त्याच्या स्वतःच्या जेवणाचे ३५० वजा करा. राहिले ५००. एक सदस्य एकरकमी खर्चाला एवढाच हातभार लावत होता. १६,५०० भरून यायला असे तेहेतीस सदस्य लागले असते, आणि गाडीत जागा चोवीस! चोवीसच्या चोवीस भरल्या असत्या तरी १२,००० जमले असते आणि ४,५०० चा खड्डा राहिलाच असता. सतरा जणांचे जमले ८,५००, म्हणजे ८,००० कमी. वर सात माणसांचं रात्रीचं जेवण रांधून वाया गेलं, त्याचे १,०५०. असे ते ९,०५० झाले.

म्हणजे तोटा फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी झाला नव्हता. पोस्टरवर ८५० छापलं गेलं त्या संध्याकाळीच तो होऊन गेला होता. आम्हाला तो कळला सोळा-सतरा दिवसांनी, कारण खर्चाआधी कोणी कागदावर काही मांडलंच नव्हतं.

आणखी एक आकडा सांगतो. एकूण खर्च झाला २३,५००. सतरा जणांत वाटला तर माणशी १,३८२ रुपये. ट्रेक ८५० चा नव्हताच. प्रत्येकाचे उरलेले पाचशेच्या वरचे रुपये क्लबच्या हार्नेसनं आणि एका ताईच्या परीक्षा-फीनं भरले. डिसेंबरात मी १,२०० रुपये फी जाहीर केली तेव्हा काही जुन्या सदस्यांनी ट्रेक महाग केला म्हणून नाराजी दाखवली. त्यांना मी हा आकडा दाखवला.

डिसेंबरात राजगडच पुन्हा का, असं तुम्ही विचाराल. मी मुद्दाम तोच निवडला. तोच बेत, तेच गाव, तोच गाडीवाला, तेच दर. फरक एवढाच की पोस्टर बनवायच्या आधी मी आणि दोन सहकारी तीन दिवस फक्त फोन करत होतो आणि आकडे लिहीत होतो.

गाडीवाल्याशी बोलायची एक रीत असते. ‘राजगडला जाऊन यायचं किती घेणार’ असं विचारलं की तो एक आकडा सांगतो, आणि त्या आकड्यात काय नाही ते आपल्याला परतल्यावर कळतं. म्हणून प्रश्न सुटेसुटे विचारायचे. भाडं ठोक आहे की किलोमीटरवर? किलोमीटरवर असेल तर दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार? हे फार महत्त्वाचं आहे. पुणे ते गुंजवणे हे अंतर जेमतेम साठेक किलोमीटर. पण बरेच गाडीवाले दिवसाला तीनशे किलोमीटरचं किमान बिल लावतात, मग गाडी दिवसभर झाडाखाली उभी का असेना. आपल्यासारख्यांना जवळच्या किल्ल्यासाठी ठोक भाडं परवडतं. पुढे, भत्ता धरून की वेगळा? टोल आणि पार्किंग कोणाचं? रात्री उशीर झाला तर जादा काही? बिल देणार का, आणि त्यावर जीएसटी आकड्यात धरलेला आहे की वर लागणार? शेवटचा प्रश्न असा की गाडी रद्द करायची किंवा लहान करायची तर कोणत्या दिवसापर्यंत, आणि ॲडव्हान्सचं काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं की अंदाजपत्रक निम्मं झालंच म्हणून समजा. आमचा गाडीवाला ३,००० ॲडव्हान्स घेतो. निघायच्या आधीच्या मंगळवारपर्यंत गाडीचा आकार बदलून देतो, त्यानंतर काहीही बदललं तरी ॲडव्हान्स बुडाला. म्हणजे आमच्यासाठी खरा निर्णयाचा दिवस मंगळवार. त्याआधी किती जण येणार ते पक्कं कळलं पाहिजे, म्हणून फीची मुदत त्याच्या आधीच्या रविवारी रात्री दहा. ट्रेकच्या वेळापत्रकातल्या तारखा अशा उलट्या दिशेनं ठरतात. पैसे कधी अडकतात ते आधी पाहायचं, मग लोकांकडून पैसे कधी घ्यायचे ते ठरवायचं. फेब्रुवारीत आम्ही शुक्रवारपर्यंत ‘जीपे करतो, करतो’ ऐकत बसलो होतो.

आता मुख्य कागद. आमच्याकडे दोन गाड्यांचे पर्याय होते. सत्तावीस आसनीचा एकरकमी खर्च वर मांडलाय तोच, १६,५००. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं ९,०००, भत्ता १,०००, टोल-पार्किंग ४५०, औषधं ५००. लहान गाडीत एक लीडर आणि सर दोघेच फी न भरणारे, ड्रायव्हर तिसरा, त्यांचं जेवण १,०५०. एकूण १२,०००. फी भरणाऱ्यांसाठी जागा पंधरा.

फी १,२०० ठेवली तर जेवणाचे ३५० जाऊन प्रत्येकाकडून ८५० उरतात. लहान गाडीत पंधरा जण आले तर १२,७५० जमतात, म्हणजे ७५० शिल्लक. चौदा आले तर १०० कमी, तेरा आले तर ९५० कमी. मोठ्या गाडीला भरपाईसाठी वीस जण लागतात. वीस आले की १७,००० जमतात आणि ५०० उरतात.

मग सोळा आले तर? थोडं थांबून यावर विचार करा, कारण कागदावर मांडेपर्यंत मलाही हे दिसलं नव्हतं. सोळावा माणूस आला की लहान गाडी पुरत नाही. मोठी करावी लागते आणि खर्च एका उडीत साडेचार हजारांनी वर जातो. सोळा जणांना मोठ्या गाडीत नेलं तर २,९०० चा तोटा. सतरा असतील तर २,०५०, अठरा असतील तर १,२००, एकोणीस असतील तर ३५०. एरवी आपल्याला वाटतं, माणसं जितकी जास्त तितका ट्रेक स्वस्त. ते एकाच गाडीपुरतं खरं आहे. पंधरा जणांत आपण फायद्यात असतो आणि एक जण वाढला की तोट्यात जातो. फेब्रुवारीतला आमचा सतराचा आकडा याच खड्ड्यात पडलेला होता.

हे दिसल्यावर नियम आपोआप लिहिला गेला. पोस्टर जायच्या आधीच आम्ही तो कार्यकारिणीच्या वहीत लिहून सह्या केल्या. रविवारी रात्रीपर्यंत वीस किंवा जास्त जणांचे पैसे आले तर मोठी गाडी. पंधरा ते एकोणीस आले तर लहान गाडी, पहिल्या पंधरांना जागा, बाकीच्यांचे सगळे पैसे परत आणि पुढच्या ट्रेकला पहिला हक्क. तेरा किंवा चौदा आले तरी लहान गाडी, कारण क्लबच्या निधीतून एका ट्रेकला जास्तीत जास्त १,००० घालायचे हे आम्ही मान्य केलं होतं. तेराच्या खाली गेलं तर गाडी नाही, एसटीनं जायचं. स्वारगेटहून वेल्ह्याकडे जाणारी गाडी पकडायची, मार्गासनीला उतरायचं आणि पुढे गुंजवण्याला जीपनं. एसटीला एकरकमी खर्च जवळपास नसतोच, जितकी डोकी तितकी तिकिटं. म्हणून आकड्याची खात्री नसेल तेव्हा एसटीच बरी. मात्र परतीच्या गाडीची वेळ पाळायची तर बालेकिल्ला किंवा सुवेळा माची यातलं एक सोडावं लागतं, आणि हेही नोटिशीत आधीच लिहावं लागतं.

रविवारी रात्री दहा वाजता अठरा जणांचे पैसे आलेले होते. बरोबर खड्ड्यात.

मोह झाला. अजून दोनच तर हवेत, मोठी गाडी सांगून टाकू, उद्यापर्यंत मिळतील कोणी. फेब्रुवारीत आम्ही असाच विचार केला होता, आणि लिहिलेला नियम समोर नसता तर डिसेंबरातही केला असता. आम्ही शेवटच्या तिघांना फोन केले, सोमवारी सकाळी त्यांचे पूर्ण १,२०० परत पाठवले आणि मंगळवारी सतरा आसनी पक्की केली. तिघांपैकी एक जण खूप नाराज झाला. ‘मैत्रिणीची जागा आहे, माझी नाही’ असं म्हणाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. पण पैसे कोणी कधी भरले याच्या वेळा सगळ्यांसमोर होत्या. नियम कोणाच्या तोंडाकडे पाहून केलेला नाही हे त्यालाही दिसलं. जानेवारीच्या ट्रेकला त्याचं नाव यादीत सगळ्यात वर होतं.

शुक्रवारी सकाळी पंधरापैकी एकीला ताप आला. तिला किती परत द्यायचे? हाही प्रश्न कागदानंच सोडवला. तिच्या फीतले ८५० गाडीत अडकले होते, ते आता कोणाच्याच हातात नव्हते. पण गावात जेवणाचा पक्का आकडा आम्ही शुक्रवारी संध्याकाळी कळवणार होतो, म्हणजे तिचे ३५० अजून खर्च झालेले नव्हते. ते परत दिले. आपल्या नोटिशीतला परताव्याचा नियम यातूनच आलाय. मंगळवारपर्यंत पूर्ण फी परत, शुक्रवार दुपारपर्यंत जेवणाचे पैसे परत, त्यानंतर काही नाही. तो कडक वाटतो, पण जे पैसे आपण पुढे देऊन बसलो ते परत द्यायचे तर बाकी चौदा जणांच्या खिशातून द्यावे लागतील.

अंदाजपत्रकाच्या कागदावर आम्ही शेजारी दोन रकाने ठेवतो. एक अंदाजाचा, एक प्रत्यक्ष खर्चाचा. डिसेंबरच्या कागदावर टोल-पार्किंगपुढे अंदाज ४५० आणि प्रत्यक्ष ५२० आहे, कारण रविवारी गावात पार्किंगचे पैसे पुन्हा द्यावे लागले. औषधांपुढे ५०० आणि ४६०. शेवटी ७५० ऐवजी ७२० उरले. दुसरा रकाना चूक पकडण्यासाठी नाही, तो पुढच्या अंदाजासाठी आहे. आता राजगडचं पार्किंग आम्ही दोन दिवसांचं धरतो. पाच-सहा ट्रेकचे असे कागद जमले की नवीन खजिनदाराला गाडीवाल्याच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

तुमच्यापैकी कॉमर्सची मुलं विचारतील, आकस्मिक खर्चाचं काय? एका रात्रीच्या ट्रेकला मी तो वेगळा धरत नाही. गाडी भरल्यावर उरणारे सात-आठशे रुपये तेच काम करतात, आणि क्लबनं मान्य केलेले १,००० त्यामागे असतात. पण तीन-चार दिवसांचा रेंज ट्रेक असेल, जिथे गाडी एका टोकाला सोडते आणि दुसऱ्या टोकाला घ्यायला येते, तिथे एकूण खर्चाच्या दहा टक्के वेगळे ठेवल्याशिवाय मी सही करणार नाही. एखाद्याचा पाय मुरगळला तर मधल्या गावातून जीप करून त्याला खाली आणावं लागतं, आणि त्या वेळी कोणी दर विचारत बसू नये.

कॉलेजच्या पैशांबद्दल थोडं. कॉलेज आपल्याला वर्षाला १०,००० मंजूर करतं, पण ते आधी हातात देत नाही. आधी अंदाजपत्रक जोडून अर्ज, त्यावर प्राचार्यांची मंजुरी, मग खर्च, मग बिलं, मग पैसे. मंजुरीच्या तारखेच्या आधीचं बिल ऑफिस घेत नाही. फेब्रुवारीच्या तोट्यातला एक रुपयाही कॉलेजकडून मिळाला नाही तो यामुळेच. तेव्हा आम्ही मागाहून अर्ज घेऊन गेलो होतो. आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. गाडीवाल्याचं बिल मिळतं, पण गावात जेवण देणाऱ्या काकूंकडे बिलबुक नसतं. तिथे साध्या कागदावर पावती करायची: कशाचे, किती माणसांचे, किती रुपये, तारीख आणि त्यांची सही. रोख रक्कम ५,००० च्या वर गेली की पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यावी लागते. डिसेंबरात आम्ही सतरा माणसांचे ५,९५० दिले होते. चार स्टॅम्प कायम पैशांच्या पाकिटात असू द्या. रविवारी संध्याकाळी गुंजवण्यात ते मिळणार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा सगळा खटाटोप मनापासून करावासा वाटतो, ती. १,२०० रुपये सगळ्यांना सारखे नसतात. आपल्या कॉलेजात मेसचे पैसे भरताना महिना मोजणारी मुलं आहेत. ती फॉर्म भरतात, ग्रुपवर असतात आणि फीचं पोस्टर आलं की ‘त्या वीकेंडला घरी जायचंय’ असं लिहितात. पूर्वी अशा कोणाला सामावून घ्यायचं तर लीडर गुपचूप स्वतःचे पैसे घालायचे, किंवा फी ‘नंतर दे’ म्हणून सोडून द्यायचे आणि ती तोट्यात मिसळून जायची. मदत व्हायची, पण कोणाला किती करता येईल हे कोणालाच माहीत नसायचं. त्यामुळे ओळखीच्याला व्हायची, न मागणाऱ्याला व्हायची नाही.

कागदावर मांडलं तर हे स्पष्ट करता येतं. निम्म्या फीची एक जागा म्हणजे ६०० रुपये कमी. पंधरा जणांच्या गाडीत ७५० शिल्लक असतात. दोन जागा निम्म्या फीनं दिल्या तर ४५० कमी पडतात, आणि क्लबनं मान्य केलेल्या १,००० मध्ये ते बसतं. तिसरी जागा दिली तर १,०५० होतात, तिथे पन्नास रुपये जास्त होतात. म्हणजे आपण दोन जागा नक्की देऊ शकतो, कोणाचे उपकार न घेता आणि कोणाला न सांगता. येत्या ट्रेकपासून या दोन जागा अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत असतील. हव्या असतील त्यांनी फक्त मला किंवा सरांना सांगायचं. नावं कुठेही लिहिली जाणार नाहीत, वहीत ‘सवलत, दोन जागा, १,२००’ एवढंच येईल.

फी अजून ठरलेली नाही असं मी म्हणालो ते याच अर्थानं. सप्टेंबरसाठी तोरणा घ्यावा असं बहुतेकांचं मत आहे. वेल्ह्यात गाडी आणि जेवणाचे दर काय आहेत ते आपल्याकडे लिहिलेले नाहीत, कारण क्लब तिथे बऱ्याच वर्षांत गेलेला नाही. मंगळवारी साडेचारला जिमखान्याच्या खोलीत या. तीन गाडीवाल्यांना आणि वेल्ह्यातल्या दोन जेवणवाल्यांना फोन करायचे आहेत. वर दिलेले प्रश्न मी कागदावर छापून आणतो. तुम्हीच फोन करा, मी शेजारी बसतो. संध्याकाळपर्यंत एकरकमी आणि माणशी असे दोन्ही आकडे फळ्यावर आले की कुठला खड्डा कुठे आहे ते आपल्याला दिसेल, आणि पोस्टरवर काय छापायचं ते त्यानंतर सगळे मिळून ठरवू. ज्या मुलीनं मला तो प्रश्न विचारला तिनं पहिला फोन करावा अशी माझी विनंती आहे.

तुमचा,
खजिनदार, ट्रेकिंग क्लब